मधोमध पातळ होत जाणाऱ्या स्लॅबला काँक्रीट किती लागतं?

फोंडा तालुक्यातलं एक जुनं चिऱ्यांचं घर. मधोमध राजांगण, चारी बाजूंना कौलं आतल्या अंगाला उतरलेली. यजमानांना ते राजांगण झाकून खोली करायची होती. तुळस त्यांनी आधीच पुढच्या अंगणात नेली होती. आता राहिला छपराचा प्रश्न. चारही बाजूंना घरच असल्यामुळे स्लॅबवरचं पाणी बाहेर टाकायला वाट नव्हती. कौलांचं पाणी स्वतंत्र पन्हळींनी बाहेर नेता आलं, पण स्लॅबवर पडणारं पाणी मधोमध गोळा करून एका पाइपानं खाली उतरवायचं ठरलं. पाइप खांबासारखा झाकला, की खोलीत शोभेचा खांब दिसेल. थोडक्यात, पाणी पूर्वीसारखंच आत यायचं होतं, फक्त पाइपातून.

म्हणून स्लॅबचा खालचा तळ सपाट ठेवला आणि वरचा पृष्ठभाग चारही कडांकडून मध्याकडे उतरता केला. कडेला जाडी १९० मिलिमीटर, मध्यभागी १३०. आतलं माप ६ मीटर गुणिले ४.८ मीटर. बाहेरून २३० मिलिमीटर रुंदीची बीम फिरली होती आणि तिच्या माथ्यावर जाडी सगळीकडे १९०. उतार सुरू व्हायचा बीमच्या आतल्या कडेपासून.

काँक्रीटचा हिशेब मी केला, आणि चुकीचा केला. घाईत तो कोणाच्याही हातून तसाच होईल. कडेला १९०, मध्ये १३०, म्हणजे सरासरी १६०. क्षेत्रफळ २८.८ चौरस मीटर, गुणिले ०.१६, आले ४.६१ घनमीटर. बीमच्या माथ्यावरचा पट्टा ५.१८ चौरस मीटर, गुणिले ०.१९, आले ०.९८. बेरीज ५.५९. सांडलवंडीचे तीनेक टक्के धरून मी रेडीमिक्सवाल्याला पावणेसहा घनमीटर सांगितले.

मृगाच्या आठ दिवस आधीची गोष्ट. गाडी वेळेवर आली, माल चांगला होता, माणसंही हुशार. उरल्या कोपऱ्यात मात्र जवळजवळ दीड चौरस मीटर जागा कोरडी राहिली. मेस्त्री शटरिंगच्या उघड्या फळ्यांकडे बघत म्हणाला, "कडेक चड लागता, सायबा." कडेला जास्त लागतं. माझा कागद एवढा वेळ घडी करून खिशात होता. तो उघडायच्या आधीच मला कळलं, की ह्यानं माझ्या चुकीचं नेमकं नाव घेतलंय.

आता ते जरा नीट बघू.

स्लॅब वरून पाहिला तर कड आणि मध्य यांच्या बरोबर अर्ध्या वाटेवर जाडी १६० असते, हे खरं आहे. त्या सगळ्या बिंदूंतून रेघ ओढली, तर आत एक छोटा आयत तयार होतो. त्याची लांबी ३ मीटर आणि रुंदी २.४, म्हणजे मोठ्या आयताच्या बरोबर निम्मी. पण लांबीही निम्मी आणि रुंदीही निम्मी झाल्यामुळे त्याचं क्षेत्रफळ होतं ७.२, म्हणजे एकूण २८.८ च्या फक्त एक चतुर्थांश. १६० पेक्षा पातळ काँक्रीट एवढ्याच जागेत आहे. उरलेल्या तीन चतुर्थांश जागेत जाडी १६० च्या वर आहे. ज्या आकड्याच्या वर तीन वाटे आहेत आणि खाली एकच, तो सरासरी कसा असेल? खरी सरासरी त्याच्या वर, कडेच्या जाडीकडे सरकलेली असणार. "कडेक चड लागता" म्हणजे हेच.

ती किती सरकलेली असते, हे ठरवण्यासाठी स्लॅबऐवजी खड्ड्याचा विचार करणं सोपं जातं. समजा स्लॅब सगळीकडे १९० जाड ओतला आणि मग वरून मध्याकडे ६० मिलिमीटर खोल जाणारा खड्डा कोरून काढला. हा खड्डा म्हणजे उलटा धरलेला पिरॅमिड. त्याचा तळ (इथे तो वर आहे) आयताकृती, टोक मध्यभागी. पिरॅमिडचं घनफळ त्याच तळाच्या आणि उंचीच्या ठोकळ्याच्या एक तृतीयांश असतं. शाळेत हे सूत्र पाठ केलेलं असतं. कारण मात्र डोळ्यांनी बघायचं असेल तर एक चौकोनी ठोकळा कल्पून बघा. त्याचा एक कोपरा धरा. त्या कोपऱ्याला न भिडणाऱ्या तीन बाजू असतात. प्रत्येक बाजूच्या चारही कोपऱ्यांना धरलेल्या कोपऱ्याशी जोडलं, की ठोकळ्याचे तीन सारखे पिरॅमिड होतात आणि काही उरत नाही. तीन सारखे म्हणजे प्रत्येकी एक तृतीयांश. तळ लांबट असला, टोक सरकलेलं असलं, तरी हा तृतीयांश बदलत नाही. म्हणूनच आपल्या आयताला चौरस करायची गरज पडत नाही.

खड्ड्याची खोली ६० मिलिमीटर, तिचा तिसरा हिस्सा २०. म्हणजे खड्ड्यानं सरासरी २० मिलिमीटर जाडी खाल्ली. स्लॅबची खरी सरासरी जाडी १९० वजा २०, म्हणजे १७०. दुसऱ्या शब्दांत, कडेच्या जाडीचे दोन भाग आणि मध्याचा एक भाग घ्यायचा आणि तिनाने भागायचं: १९० अधिक १९० अधिक १३०, झाले ५१०, भागिले ३, आले १७०. लक्षात ठेवायला हेच बरं, कारण मध्य जाड आणि कड पातळ असली तरी ते चालतं. दोन भाग नेहमी कडेचेच, जाड बाजू कुठलीही असो.

२८.८ गुणिले ०.१७ म्हणजे ४.९० घनमीटर. मी धरले होते ४.६१. फरक ०.२९ घनमीटर. ऐकायला हा आकडा किरकोळ. वजनात तो सुमारे पाऊण टन होतो, कारण सळ्यांसकट काँक्रीटचं वजन घनमीटरला अडीच टन धरतात. आणि १:१.५:३ या मिश्रणात घनमीटरला साधारण आठ पोती सिमेंट जातं, म्हणजे तिथे सव्वादोन पोती कमी पडली. आम्ही मग तीन पोती आणून हातानं कालवलं.

विचित्र म्हणजे आलेली गाडी सहा घनमीटरची होती. मी काटकसर करून पाव घनमीटर कमी सांगितला होता. बीमसकट खरी गरज ५.८८, वर सांडलवंड. सहा मागवले असते तर कोपरा जवळपास भरला असता, आणि माझी चूक कदाचित कधीच कळली नसती.

बरं, मग सरासरी काढण्याची ती सवय मला लागली कुठून? ती पूर्णपणे खोटी नाही, अडचण तिथेच आहे. समजा पाणी मधल्या एका बिंदूकडे न नेता मधून जाणाऱ्या एका लांब रेषेकडे न्यायचं आहे. दोन बाजूंनी उतार, मध्ये पन्हळीसारखी घळ, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. तिथे कुठेही आडवा छेद घ्या, आकृती तीच येते. १६० पेक्षा जाड आणि १६० पेक्षा पातळ जागा बरोबर निम्मी-निम्मी असते. त्या स्लॅबची सरासरी खरोखरच १६० आणि काँक्रीट ४.६१. मी अशा घळीचे स्लॅब आधी केले होते.

खरी फसगत नकाशात होते. घळीचा स्लॅब आणि खड्ड्याचा स्लॅब, दोघांच्या मध्यातून घेतलेला छेद अगदी एकसारखा दिसतो: कडेला १९०, मध्ये १३०, दोन तिरक्या रेषा. छेद बघून हिशेब करणाऱ्याला दोघांत काहीच फरक दिसणार नाही. फरक फक्त वरून दिसणाऱ्या नकाशात असतो. बाण दोन बाजूंनी येत असतील तर घळ. चारही बाजूंनी येत असतील आणि कोपऱ्यांपासून मध्याकडे तिरक्या रेघा ओढलेल्या असतील तर खड्डा. मी छेदावर समाधान मानलं होतं.

या दोघांच्या मधलेही प्रकार असतात, आणि खऱ्या कामांत तेच जास्त भेटतात. एखाद्या घरात चारही बाजूंना उतार सारखाच हवा असतो. आमच्या स्लॅबमध्ये तो तसा नव्हता. लांब बाजूनं ३ मीटरमध्ये ६० मिलिमीटर, म्हणजे ५० ला १. आखूड बाजूनं ४० ला १. कोपऱ्यातून मध्याकडे तर ६४ ला १. उतार सगळीकडून ४० ला १ ठेवला, की मध्ये बिंदू राहत नाही. तिथे १.२ मीटर लांबीची छोटी घळ होते, उलट्या केलेल्या घराच्या छपरासारखी. किंवा पाइपाच्या तोंडाभोवती जाळी नीट बसावी म्हणून मीटरभर गुणिले मीटरभर जागा सपाट ठेवतात. अशा वेळी तृतीयांश चालत नाही, निम्मंही चालत नाही.

त्यासाठी जुनी सर्व्हेची रीत आहे, मातीकामात खोदाई मोजायला वापरतात ती. खड्ड्याचं तोंडाचं क्षेत्रफळ घ्या. अर्ध्या खोलीवरचं क्षेत्रफळ काढून त्याची चौपट करा. तळाचं क्षेत्रफळ मिळवा. बेरजेला खोलीनं गुणा आणि सहाने भागा. बाजू सपाट आणि तोंड-तळ एकमेकांना समांतर असले, की हे उत्तर अंदाजाचं नसतं, बरोबर असतं.

मीटरभर सपाट जागेचं उदाहरण घेऊ. तोंड ६ गुणिले ४.८, म्हणजे २८.८. तळ १ गुणिले १, म्हणजे १. अर्ध्या खोलीवर लांबी ६ आणि १ यांच्या मधली, ३.५. रुंदी ४.८ आणि १ यांच्या मधली, २.९. गुणाकार १०.१५, चौपट ४०.६. तिन्हींची बेरीज ७०.४. खोली ०.०६, ती सहाने भागली की ०.०१. खड्डा ०.७०४ घनमीटर. पूर्ण ठोकळा २८.८ गुणिले ०.१९ म्हणजे ५.४७, त्यातून तो वजा केला की काँक्रीट ४.७७ घनमीटर.

इथे एक गोष्ट जपायची. मधल्या पातळीचं क्षेत्रफळ हे तोंड आणि तळ यांच्या क्षेत्रफळांची सरासरी नव्हे. बाजूंची सरासरी आधी घ्यायची, गुणाकार मग. क्षेत्रफळांचीच सरासरी घेतली तर १४.९ येतात आणि पुन्हा आपण घळीच्या हिशेबाजवळ पोचतो, म्हणजे माझी जुनी चूक नव्या कपड्यांत.

त्याच रीतीनं १.२ मीटरची घळ मोजली तर तळाचं क्षेत्रफळ शून्य (रेषेला क्षेत्रफळ नसतं), मध्यावर ३.६ गुणिले २.४ म्हणजे ८.६४, आणि काँक्रीट ४.८४ येतं. पिरॅमिडला ४.९० आणि पूर्ण लांबीच्या घळीला ४.६१ हे आपण पाहिलंच. म्हणजे एकच कड, एकच मध्य, एकच छेद, आणि वरून उतार कसा पसरलाय एवढ्यावर पाव घनमीटरहून जास्त इकडचं तिकडे.

हिशेब कागदावर जमला, तरी स्लॅबवर त्याचं काय होतं ते मेस्त्रीच्या पाट्यावर अवलंबून. १९० आणि १३० एवढेच दोन आकडे सांगून सोडलं, तर मधला भाग हाताच्या सवयीनं होतो, आणि हाताची सवय घमेल्याच्या बुडासारखी गोल खोलगट करण्याची असते. तसं झालं की माल कमी लागतो, मग "हिशेब जास्त निघाला" असं वाटतं. पण पावसात मध्याभोवती पाणी साचून राहतं, कारण गोल बुडाला पाइपाजवळ उतारच उरत नाही. म्हणून मी आता ओतण्याआधी शटरिंगवर सिमेंटचे छोटे ठोकळे उंची मोजून बसवतो. कडेला १९०, पाइपाजवळ १३०, आणि त्या अर्ध्या वाटेवरच्या आयताच्या चार कोपऱ्यांवर १६०. लेव्हल नळीनं कडेची पातळी चारही कोपऱ्यांत एक आहे याची खात्री करायची, मग समोरासमोरच्या कडांवर दोरी ताणून मध्यावर खाली मोजायचं. दोरीपासून शटरिंगपर्यंत १९० आणि दोरीपासून पाइपाच्या ठोकळ्याच्या माथ्यापर्यंत ६० भरायला हवेत. पाटा फिरवायचा तो आधी कोपऱ्यापासून पाइपापर्यंतच्या चार तिरक्या रेघांवर. त्या रेघा सरळ बसल्या, की मधले त्रिकोण आपोआप सपाट होतात. काँक्रीट ओलं असतानाच ठोकळे काढून भोकं भरायची, हे सांगायला नको, पण सांगावं लागतं.

याचं महत्त्व कळायला एकच आकडा पुरे. २८.८ चौरस मीटरवर सगळीकडे ५ मिलिमीटर जाडी इकडेतिकडे झाली, तर ०.१४ घनमीटर होतात. माझ्या मूळ चुकीच्या निम्मं. शटरिंग मालाच्या भारानं मधोमध थोडं झोकलं तरी तेवढं जातं. बिलासाठी मोजमाप करण्याच्या भारतीय मानकातही स्लॅबची जाडी ५ मिलिमीटरच्या जवळच्या आकड्यात घेतात आणि सळ्यांचं घनफळ वजा करत नाहीत. त्यामुळे दशांशाच्या पुढे चार आकडे काढत बसण्यात अर्थ नाही. पंप लावणार असाल तर मात्र नळीतला माल वेगळा धरायला हवा. १२५ मिलिमीटर व्यासाच्या ३० मीटर नळीत ०.३७ घनमीटर काँक्रीट मावतं, आणि शेवटी ते सगळंच्या सगळं स्लॅबवर येत नाही.

एक शंका वाचकाच्या मनात असेल, ती माझ्याही होती. मध्य पातळ, आणि चारही बाजूंनी टेकलेला स्लॅब सर्वांत जास्त वाकतो तो मध्यातच. मग हे उलटंच नाही का? आहेच. म्हणून असा स्लॅब मध्याची जाडी धरूनच डिझाइन करावा लागतो. कडेची जास्तीची जाडी मध्याच्या मदतीला येत नाही, तिचं वजन मात्र मध्याला सोसावं लागतं. आमच्या स्लॅबमध्ये सगळीकडे १३० जाडी पुरेशी होती. उताराचं काँक्रीट त्यावर सरासरी ४० मिलिमीटर, म्हणजे १.१५ घनमीटर, जवळपास तीन टन. हे तीन टन फक्त पाणी वाहून नेण्यासाठी. सळ्यांच्या बाबतीतही लक्ष द्यावं लागतं. खालची जाळी सपाट बसते, पण कडेच्या वरच्या सळ्या जिथे उताराबरोबर आत येतात तिथे त्यांच्या खालच्या खुर्च्या एकाच उंचीच्या ठेवून चालत नाहीत. नाहीतर आतल्या टोकाला सळी पृष्ठभागाच्या अगदी जवळ येते आणि गोव्याच्या दमट हवेत तिथूनच गंज सुरू होतो.

सरळ १३० चा स्लॅब ओतून उतार वरून कोब्यानं देण्याचा मार्गही आहे. मला तो दुरुस्तीला सोपा वाटतो, कारण उतार चुकला तर कोबा उखडता येतो. पण त्याचं घनफळही याच हिशेबानं काढायचं: कडेला ६०, मध्ये शून्य, दोन भाग कडेचे, म्हणजे सरासरी ४०. तिथे तीस धरणारे मी पाहिलेत. फक्त तिथे माल कमी पडला तर दुसऱ्या दिवशी पुढचं काम करता येतं. स्लॅबचं तसं नाही.

त्या संध्याकाळी आम्ही हातानं कालवलेला माल येईपर्यंत गाडीचा माल आवळून गेला होता. मेस्त्रीनं कड खरवडून, धुऊन, सिमेंटची रबडी लावून जोड केला. त्याच्या हातात होतं तेवढं सगळं केलं. जुलैत यजमानांचा फोन आला. मी गेलो तेव्हा खोलीच्या छताला, जिन्याकडच्या कोपऱ्यात, ओल आली होती. ती पसरलेली नव्हती. एक बारीक रेघ, दोन भिंतींना जोडणारी, कोपऱ्यात बरोबर दीड चौरस मीटर जागा कापून घेणारी. वरून जोडाच्या रेघेत खाच मारून भरली, वॉटरप्रूफिंग पुन्हा केलं, खर्च माझा. आता कुठल्याही स्लॅबचा नकाशा आला, की छेदाकडे बघण्याआधी मी बाण मोजतो.